हमीभावाची तूर, रांगेतली तूर

2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पाऊसही चांगला झाला. 2016-17 साठी बोनससह हमीभाव होता क्विंटलला 5,050 रुपये. पण बाजार समितीत आवक इतकी वाढली की व्यापारी चार हजारांच्या आसपासच बोली लावू लागले. त्या चढ्या भावाला एवढी तूर घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं.

आपल्याकडे हमीभावानेच खरेदी करण्याची सक्ती व्यापाऱ्यावर नाही. त्यामुळे उरलेला माल सरकारी केंद्रांकडे वळतो. तिथे बारदाना संपला, गोदामं भरली, ट्रॅक्टरच्या रांगा दिवसेंदिवस हलेनात. 22 एप्रिल 2017 ला खरेदी थांबली, तेव्हा असंख्य शेतकऱ्यांची तूर घरातच होती. दहा क्विंटलवाल्याने ती व्यापाऱ्याला दिली, तर सुमारे दहा हजारांचा फटका. रांगेत थांबण्याची ऐपत नसलेला लहान शेतकरीच आधी विकतो, हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं.

किमान वेतन बाजारापेक्षा फार वर ठरलं, तर असंच न विकलेलं श्रम बेकारीच्या रूपात उरू शकतं. तुरीचा भाव मात्र खरेदीची रक्कम, बारदाना आणि गोदाम यांची तजवीज पेरणीआधीच केली, तरच टिकतो.