स्लॅब उद्या की परवा?

साइट इंजिनिअरने दुपारी दोनला मालकांना लांबलचक मेसेज पाठवला, अशी कल्पना करा. पहिल्या परिच्छेदात सेंट्रिंग कसं वेळेत झालं ते. दुसऱ्यात सळ्यांचं बांधकाम, तिसऱ्यात सल्लागार इंजिनिअर तपासणीला आले आणि बाल्कनीबद्दल काय म्हणाले. चौथ्यात रेडीमिक्स, पंप, मजुरांची गँग. पाचव्यात टाइल्सचे नमुने आल्याची खबर आणि शेवटी, ‘तरी काय करायचं ते कळवावे.’

घडलं त्या क्रमाने लिहिलं की असंच होतं. लिहिणारा सकाळपासून त्या प्रश्नापर्यंत चालत आलेला असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तोच रस्ता चालायला लावतो. मालकांच्या फोनवर मात्र वरच्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि त्यात सेंट्रिंग वेळेत झाल्याचं लिहिलेलं असतं. सगळं ठीक आहे असं समजून ते फोन खिशात ठेवतात.

कापायला बसताना सुरुवात शेवटच्या ओळीपासून करावी. ‘काय करायचं’ याला उत्तर देता येत नाही. ‘स्लॅब परवावर ढकलू का?’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. हा प्रश्न वर न्यायचा. मग उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावायची: हे काढलं तर मालकांचं उत्तर बदलेल का? सेंट्रिंगची हकिकत इथेच गळते. टाइल्सचा निर्णय वेगळा, त्याचा मेसेजही वेगळा. उरतं ते इतकंच:

‘साहेब, उद्याचा स्लॅब गुरुवारवर ढकलू का? माझ्या मते ढकलावा. बाल्कनीच्या वरच्या सळ्या दबून खाली बसल्यात. उचलून चेअर लावायला उद्याचा दिवस जाईल. पंप आणि गँगचा अंदाजे १८,००० रुपये खर्च वाढेल. प्लांटला सहापर्यंत कळवायचंय, म्हणून साडेपाचपर्यंत सांगा. तुमचं उत्तर येईपर्यंत काँक्रीट ओतणार नाही.’

बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो. तिथली सळी खाली गेली की बाल्कनीची ताकदच कमी होते. मालकांना हे ठाऊक असेल तर तेवढं एक वाक्य पुरतं. नवखे असतील तर हे कारण मेसेजमध्ये घालावं लागेल. लांबी वाचणाऱ्यावर ठरते.

शेवटच्या ओळीचं मोल मोठं आहे. मालक विमानात असतील, फोन बंद असेल, तेव्हा काय होईल ते तिने आधीच सांगून ठेवलंय. अशा ओळीत नेहमी पुढे सुधारता येईल तोच पर्याय लिहावा. थांबलेला स्लॅब नंतर भरता येतो, भरलेल्या स्लॅबमधली सळी उचलता येत नाही.

कापताना खरा धोका त्या १८,००० रुपयांना असतो. ‘ढकलावा’ असं आपलंच मत असलं की त्याच्या विरुद्ध जाणारा आकडा नकळत फालतू वाटू लागतो. कसोटी लावली तर तोच आकडा मालकांचं उत्तर बदलू शकतो, म्हणून तो राहिलाच पाहिजे.