बायोडेटा लिहिताना : सोळा आठवडे एका ओळीत?

  एका वाचक मुलीचा बायोडेटा आला आणि माझा आवडता विषय आयता हाती लागला.

ही मुलगी बी.एस्सी., बी.एड., अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. नोकरीचा अनुभव नाही. अनुभवाच्या जागी एकच ओळ : ‘१६ आठवड्यांची आंतरवासिता पूर्ण’. खाली कौशल्यं : संवादकौशल्य, नेतृत्व, मेहनती वृत्ती. दोन वर्षांचं बी.एड. केलेल्या प्रत्येकाची आंतरवासिता झालेलीच असते, त्यामुळे या ओळीतून मुख्याध्यापकांना नवं काहीच कळत नाही.

मी तिला पाठ टाचणाची वही आणि कृतिसंशोधनाचा अहवाल काढायला सांगितला. विषय होता सहावीतली भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. निदान चाचणीत ३८ पैकी २१ मुलांनी १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं, म्हणजे अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. अहवालात ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक कठीण वाटतात’ एवढंच होतं. खरा ऐवज उत्तरपत्रिकांत होता. तिने सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घड्या घालून शेजारी ठेवल्या. उत्तर २/५ आलं, तर ते अर्ध्यापेक्षाही कमी पडतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं. मग तिने समच्छेद करायला शिकवलं.

आता बायोडेटात असं लिहिलं आहे :

‘शालेय आंतरवासिता, इयत्ता ६ वी, गणित. निदान चाचणीत ३८ पैकी २१ विद्यार्थ्यांची छेद मिळवण्याची चूक आढळली. कागदी पट्ट्यांच्या आधारे ५ तासिका उपचारात्मक अध्यापन. उत्तर चाचणीत तीच चूक ६ जणांकडून.’

इथे टक्केवारी मुद्दाम दिलेली नाही. एका वर्गावरून ‘७१ टक्के सुधारणा’ म्हणणं फुगवून सांगणं होतं. शिवाय त्या दिवसांत वर्गशिक्षिकाही उजळणी घेत होत्या. ‘चूक ६ जणांकडून’ एवढंच खरं आहे. मुलाखतीत ‘त्या सहा जणांचं काय?’ हा प्रश्न येणारच. तिच्याकडे उत्तर आहे : त्यांतल्या चौघांचा लसावि कच्चा होता, गाडी तिथेच अडत होती. कृतिसंशोधन कुणाचं तरी उतरवून काढलेलं असेल, तर माणूस नेमका या प्रश्नावर गडबडतो.

आणखी एक खोड हमखास दिसते. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ आणि प्रत्यक्ष वर्गातले पाठ एकत्र मोजून मोठा आकडा लिहितात. सूक्ष्म पाठात समोर आपलेच सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसलेले असतात आणि पाठ काही मिनिटांत संपतो. अनुभवी मुख्याध्यापक ही बेरीज लगेच ओळखतात. वर्गावर घेतलेले पाठ इयत्तेसह वेगळे लिहावेत. सूक्ष्म पाठ गाळले तरी चालतात.

नेतृत्व आणि मेहनती वृत्ती तिने खोडली. त्या जागी ‘निदान चाचणी तयार करणे, उत्तरपत्रिकांतील चुकांचे वर्गीकरण’ आलं. दोन्हींचा पुरावा वरच आहे.