‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ : ब्राउजर नेमके काय सांगतो?

संकेतस्थळाऐवजी पडद्यावर ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येतो, तेव्हा त्या साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउजरला पटलेले नसते. साइटचे नाव, सांकेतिकीकरणाची सार्वजनिक किल्ली आणि मुदत नोंदवलेली ही एक छोटी फाइल असते. तिच्यावर प्रमाणन संस्थेची डिजिटल सही असते. ब्राउजर प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतो : मुदत चालू आहे का, नाव जुळते का आणि सही विश्वासातल्या संस्थेची आहे का. यांपैकी काय चुकले, ते इशाऱ्याखालच्या बारीक अक्षरांतल्या कोडवरून कळते. पुढचे कोड क्रोममधले आहेत.

`NET::ERR_CERT_DATE_INVALID` म्हणजे मुदतीचा घोळ. आधी स्वतःच्या उपकरणाचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकातला बटण-सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि मग एकामागून एक साइट्स अडतात. तारीख दुरुस्त केली की इशारा जातो. घड्याळ बरोबर असेल, तर साइटच्या चालकाने नूतनीकरण केलेले नसते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे ९० दिवसांची असतात. ती आपोआप बदलणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर चालकाला ते पुष्कळदा इशारा झळकल्यावरच कळते.

`NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` आला, तर प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे असते. पुष्कळदा ते `www` असलेल्या पत्त्यासाठी घेतलेले असते आणि `www` नसलेल्या पत्त्यासाठी घ्यायचे राहून गेलेले असते. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायवरही हा इशारा दिसतो, कारण लॉगिन होईपर्यंत ते नेटवर्क प्रत्येक मागणी आपल्या पानाकडे वळवते.

`NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` हा सर्वांत गंभीर कोड. सही करणारी संस्था ब्राउजरच्या विश्वासू यादीत नाही, असा त्याचा अर्थ. घरच्या राउटरचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच सही केलेले असते. काही सर्व्हर मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र सोबत पाठवत नाहीत, त्यामुळे तीच साइट संगणकावर उघडते आणि फोनवर अडते. जुन्या उपकरणांतली यादीही कालबाह्य होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर विसंबून होती, ते एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले आणि अद्ययावत न केलेल्या अनेक उपकरणांवर व्यवस्थित चालणाऱ्या साइट्स अडल्या.

पण कोणी मध्ये बसून साइटच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत असेल, तरी हाच कोड दिसू शकतो. चालकाचा निष्काळजीपणा आणि हा हल्ला यांतला फरक ब्राउजरला ओळखता येत नाही.

असा हल्ला २०११ मध्ये प्रत्यक्ष घडला. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत शिरून हल्लेखोराने जुलैमध्ये गुगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र काढले. सही यादीतल्या संस्थेची असल्याने बहुतेक ब्राउजरनी ते स्वीकारले. गुगलसाठी कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे चालतात, हे क्रोममध्ये मात्र आधीच नोंदवलेले होते. ऑगस्टमध्ये इराणमधल्या एका वापरकर्त्याला जीमेल उघडताना इशारा दिसला. त्याने जाहीरपणे विचारणा केली आणि प्रकार उघडकीस आला. ब्राउजरनी डिजिनोटारला यादीतून काढले आणि सप्टेंबरमध्ये संस्था दिवाळखोरीत गेली.

म्हणून बँक, ईमेल, सरकारी सेवा किंवा खरेदीच्या साइटवर इशारा आला, तर कोणत्याही कोडवर पुढे जाऊ नये. काही टाइप केले नाही, तरी धोका टळत नाही. आधी लॉगिन केलेल्या साइटची कुकी ब्राउजर आपणहून पाठवतो आणि मधल्या माणसाला तेवढ्यावर खाते उघडता येते. अशा अनेक साइट्सनी पुढे जाण्याचा दुवाच बंद ठेवलेला असतो, तिथे आडवाट शोधू नये. इशारा घालवण्यासाठी अनोळखी प्रमाणपत्र ‘इन्स्टॉल’ करायला सांगितले, तर ते मुळीच करू नये. ते केल्यावर देणाऱ्याला कोणत्याही साइटचे सोंग घेता येते.

कारण शोधण्यासाठी वाय-फाय बंद करून तीच साइट मोबाइल डेटावर उघडावी. इशारा गेला, तर दोष त्या वाय-फायच्या वाटेवर आहे आणि ते नेटवर्क महत्त्वाच्या कामाला वापरू नये. दोन्हीकडे आला, तर दोष बहुधा साइटचा किंवा उपकरणाचा. चालकाला कळवून थांबावे.

पुढे जाणे रास्त ठरते ते मुख्यतः स्वतःच्या उपकरणासाठी. घरच्या नेटवर्कवर `192.168.1.1` असा राउटरचा पत्ता स्वतः टाइप केला असेल, तर इशारा अपेक्षितच असतो.

इशारा न येणे हा मात्र साइट प्रामाणिक असल्याचा पुरावा नाही. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून नोंदवलेल्या पत्त्यालाही वैध प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे पासवर्ड देण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा लागतो.