लिंक एक, चर्चा दोन

समजा, ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा मसुदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. विषयपत्रिका, टाकीच्या दुरुस्तीचा १,८५,००० रुपयांचा अंदाज, मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव, सगळं त्यात आलं. मग त्यांनी वर कोपऱ्यातलं Share दाबलं आणि मिळालेली लिंक व्हॉट्सॲपवर खजिनदारांना पाठवली. "बघा जरा, आणि काही बदलायचं असेल तर त्यातच बदला."

खजिनदारांनी लिंक उघडली. पूर्ण संभाषण दिसलं आणि खाली लिहायला चौकटही होती. ठेकेदाराचा दर वाढल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रक्कम २,१०,००० करून घेतली, एक विषय वर घेतला आणि "केलं" असा निरोप धाडला. सेक्रेटरीबाईंनी आपलं चॅट उघडलं, तर तिथे अजून १,८५,०००च. त्यांनी तीच नोटीस छापून जिन्यात लावली. आता खजिनदार म्हणतात, मी बदललं होतं. सेक्रेटरी म्हणतात, काहीच बदललं नव्हतं. गंमत अशी की दोघंही खरं बोलताहेत.

वाटून दिलेली लिंक म्हणजे त्या क्षणापर्यंतच्या संभाषणाची झेरॉक्स. वाचणारा ती वाचू शकतो. पुढे लिहायला लागला, की चॅटजीपीटी तेवढं संभाषण त्याच्या खात्यात उतरवून घेतं आणि तिथून त्याचं स्वतंत्र चॅट सुरू होतं. मूळ चॅटला धक्का लागत नाही. पाठवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, आणि त्याने नंतर आपल्या बाजूला जे लिहिलं तेही वाचणाऱ्याला दिसत नाही. तेव्हा "लिंकवरून गप्पा पुढे चालवता येतात का?" याचं उत्तर "हो" असंच आहे, फक्त त्या गप्पा तुमच्या राहत नाहीत. तुम्ही मूळ चॅटमध्ये भर घातलीत आणि ती समोरच्याला दाखवायची असेल, तर पुन्हा Share वर जाऊन लिंक ताजी करावी लागते. त्यानंतरही समोरच्याने आधीच पुढे नेलेली प्रत जुनीच राहते.

आणखी एक फरक सहज लक्षात येत नाही. सेक्रेटरीबाईंनी चॅटजीपीटीला "कायम औपचारिक मराठीत लिही" अशी कायमची सूचना देऊन ठेवली असेल, तर ती लिंकबरोबर जात नाही. त्यांच्याविषयी त्याने लक्षात ठेवलेल्या गोष्टीही जात नाहीत. खजिनदारांच्या खात्यात पुढचं उत्तर खजिनदारांच्या सेटिंगप्रमाणे येतं. त्यामुळे निम्मी नोटीस "सभासदांना कळविण्यात येते की" आणि निम्मी "सर्वांनी नक्की या" अशी झाली, तर नवल नाही.

लिंक उघडतच नाही, ही तक्रारही वारंवार कानी येते. कारण बहुतेक वेळा पत्त्यातच असतं. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलून पाठवला, तर तो chatgpt.com/c/ असा सुरू होतो. तो तुमच्या खात्यातल्या चॅटचा खासगी पत्ता. दुसऱ्याला तो उघडत नाही. वाचण्यासाठी दिलेली लिंक chatgpt.com/share/ अशी असते. पाठवण्याआधी एवढा एक शब्द पाहिला तरी पुरे. कंपनीच्या खात्यातून काढलेल्या लिंकचं आणखी निराळं असतं: कंपनीने तशी मर्यादा घातली असेल, तर ती कंपनीतल्या लोकांनाच उघडते.

माझ्या मते जास्त धोका पुढच्या गोष्टीत आहे. Share फक्त शेवटचं उत्तर देत नाही, ते पहिल्या ओळीपासूनचं संभाषण देतं. सेक्रेटरीबाईंनी सुरुवातीला थकबाकीदारांची यादी, फ्लॅट क्रमांक आणि रकमांसकट, चॅटमध्ये चिकटवली होती. "यांची एकूण थकबाकी काढून दे" एवढंच त्यांना हवं होतं. नोटिशीत ती यादी नाही, पण लिंकमध्ये आहे. लिंकला पासवर्ड नसतो. ज्याच्या हाती पडेल तो वाचेल, आणि खजिनदारांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका रात्रीच्या आत ती यादी वाचून मोकळे होतील. उपाय सोपा आहे: नवं चॅट उघडायचं, त्यात तयार मसुदा तेवढा चिकटवायचा आणि त्या चॅटची लिंक द्यायची.

लिंक असलेला कुणीही, म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न जुलै २०२५च्या अखेरीस जगभर गाजला. त्या वेळी लिंक बनवताना Make this chat discoverable अशी एक टिचकी मारायची चौकट दिसे. ती टिचकी मारलेली हजारो संभाषणं गुगलच्या शोधात दिसत असल्याचं अमेरिकेतल्या 'फास्ट कंपनी' नियतकालिकाने दाखवून दिलं. त्यांत लोकांनी मन मोकळं करून लिहिलेल्या आजारपणाच्या आणि घरगुती भांडणांच्या कहाण्या होत्या. ओपनएआयने ती सोय लगेच काढून टाकली. टिचकी लोकांनीच मारली होती हे खरं. पण खालचा बारीक मजकूर वाचतो कोण? पुढच्याच महिन्यात ग्रोकच्या बाबतीत लाखो संभाषणं शोधयंत्रांत सापडल्याची बातमी 'फोर्ब्स'ने दिली. तिथे तर वेगळी टिचकीही नव्हती, शेअरचं बटण दाबणं पुरेसं होतं.

दिलेली लिंक मागे घेता येते. सेटिंगमध्ये Data controls, त्याखाली Shared links; तिथे आजवर दिलेल्या सगळ्या लिंकांची यादी मिळते आणि हवी ती काढता येते. काढली की पुढच्या माणसाला ती उघडत नाही. पण खजिनदारांनी संभाषण आपल्या खात्यात आधीच पुढे नेलं असेल, तर ती प्रत त्यांच्याकडे राहते, थकबाकीदारांच्या यादीसकट. तिथे सेक्रेटरीबाईंचा हात पोहोचत नाही. कुणी स्क्रीनशॉट काढला असेल, तर त्याचंही तसंच.

मग दोघांनी एकच मसुदा हाताळायचा तरी कसा? साधा रस्ता असा, की खजिनदारांनी बदल झाल्यावर आपल्या चॅटची लिंक काढून उलट पाठवायची, सेक्रेटरीबाईंनी ती उघडून तिथून पुढे जायचं, आणि कोणती प्रत अखेरची हे फोनवर ठरवायचं. दोन फेऱ्यांपर्यंत हे जमतं, तिसऱ्या फेरीत गोंधळ होतो. त्यापेक्षा नोव्हेंबर २०२५मध्ये चॅटजीपीटीने आणलेलं ग्रुप चॅट या कामाला बरं. त्यात २० जणांपर्यंत माणसं घेता येतात आणि सगळे एकाच संभाषणात लिहितात. खजिनदारांनी २,१०,००० केले की सेक्रेटरीबाईंना तिथल्या तिथे दिसतं. चालू चॅटमध्ये माणसं जोडली, तर ते चॅट तसंच ठेवून त्याची प्रत ग्रुपसाठी तयार होते. म्हणजे आधीचा मजकूर इथेही सोबत जातो, आणि थकबाकीदारांची यादी वर असेल तर ती ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर येते. नवं चॅट उघडून तिथे फक्त मसुदा चिकटवायची सवय इथेही ठेवावी लागते.