अठरा चढ, सोळा ट्रेड

एका दुमजली घराचं उदाहरण घेऊ. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच आहे. मध्ये वळणाऱ्या जिन्यासाठी ठेवलेली जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत 9 फूट लांब आहे. पायऱ्या किती घालायच्या?

सुरुवात उंचीपासून होते. एका पायरीचा चढ, म्हणजे राइझर, 7 इंच धरला तर 126 भागिले 7, असे बरोबर अठरा चढ येतात. भागाकार पूर्णांकात आला नाही तर जवळचा पूर्ण आकडा घेऊन त्याने उंचीला पुन्हा भागायचं, म्हणजे सगळे चढ सारखे राहतात. पाय ठेवायची रुंदी, म्हणजे ट्रेड, चढावर अवलंबून असते. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुतज्ज्ञ ब्लोंदेल यांनी मांडलेला हिशेब आजही वापरात आहे: दोन चढ आणि एक ट्रेड मिळून माणसाचं एक पाऊल, सुमारे 24 इंच. म्हणून 7 इंची चढाला 10 इंची ट्रेड.

खरी अडचण लांबीत येते. वरचा मजला आणि मधलं लँडिंग हेच त्या त्या टप्प्याच्या शेवटच्या चढाचे ट्रेड असतात, त्यामुळे नऊ चढांच्या टप्प्याला ट्रेड आठच लागतात. आठ ट्रेडचे 80 इंच आणि लँडिंगचे 36, मिळून 116. जागा मात्र 108 इंचच आहे. अशा वेळी ट्रेड 9 इंचांवर आणला, तर उतरताना टाच टेकते आणि चवडा अधांतरी राहतो. भारतीय बांधकाम संहितेनुसार घरातला ट्रेड किमान 250 मिलिमीटर आणि चढ जास्तीत जास्त 190 मिलिमीटर हवा. सोळा चढ केले तर जिना जागेत बसतो, पण प्रत्येक चढ 200 मिलिमीटरचा होतो. लँडिंग कापणंही बरं नाही, कारण ते निदान जिन्याच्या रुंदीइतकं हवंच.

त्यापेक्षा चढांची वाटणी बदलावी. खाली दहा आणि वर आठ चढ घेतले, की वरचा टप्पा लँडिंगसह 106 इंचांत बसतो. खालच्या टप्प्याच्या पहिल्या दोन पायऱ्या दीड फूट हॉलमध्ये येतात, पण तिथे त्या अजून जमिनीलगत असल्यामुळे डोकं स्लॅबला लागत नाही.

एवढं जमवूनही फरशी बसल्यावर जिना बिघडतो. गवंडी काँक्रीटचे सगळे चढ सारखे ओततो. नंतर तळमजल्यावर कोबा-लादीची 3 इंच भर पडते, वरच्या मजल्यावर 2 इंच आणि पायऱ्यांवर दगडाची 1 इंच. मग पहिला चढ 5 इंचांचा उरतो आणि शेवटचा 8 इंचांचा होतो. पायाला एकदा उंचीची लय सापडली की तो तेवढाच उचलला जातो, म्हणून त्या शेवटच्या चढाला ठेच लागते. उपाय ओतकामाच्या वेळीच करायला हवा: या घरात काँक्रीटचा पहिला चढ 9 इंच, शेवटचा 6 आणि मधले सगळे 7.