बारा फासे आणि एक बहुपद

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वेल्डन यांनी बारा फासे एकदम टाकण्याच्या २६,३०६ फेकींच्या नोंदी जमवल्या आणि १८९४ साली फ्रान्सिस गॉल्टन यांना पत्राने कळवल्या. प्रत्येक फेकीत एकच गोष्ट मोजायची होती, बारांपैकी किती फाशांवर पाच किंवा सहाचे दान पडले. पुढे १९०० साली कार्ल पिअर्सन यांनी आपली काय-वर्ग कसोटी मांडताना हेच आकडे वापरले. आपल्यालाही ते उपयोगी पडतील, पण त्याआधी हिशेबाचे यंत्र जुळवून घेऊ.

फासा खरा असेल तर एका फाशावर पाच किंवा सहा पडण्याची संभाव्यता p = 1/3, न पडण्याची q = 2/3. बारा फाशांतली यशे शून्यापासून बारापर्यंत काहीही असू शकतात, आणि ती द्विपद वितरणाने वाटली जातात. मध्य np आणि विचरण npq ही सूत्रे बारावीपासून पाठ असतात. ती सिद्ध करायची म्हटली की बहुतेक जण k, k² आणि C(n,k) यांच्या गुणाकारांची बेरीज मांडून बसतात. त्या वाटेनेही उत्तर येते, पण दर पायरीला एखादी बीजगणिती खुबी सुचावी लागते. संभाव्यता-जनक फलनाने हे काम साध्या विकलनावर येते. फाशांच्या बेरजा मोजायला द मुआव्र यांनी अठराव्या शतकातच ही रीत वापरली होती. ‘जनक फलन’ हे नाव पुढे लाप्लास यांनी दिले.

फलन असे बांधायचे. शून्य यशांची संभाव्यता p₀, एका यशाची p₁, दोन यशांची p₂ असे धरून

G(s) = p₀ + p₁s + p₂s² + … + p₁₂s¹²

हे बहुपद लिहायचे. इथला s कशाचेही मोजमाप नाही. ती एक खुंटी समजा. तिच्या घातांकावरून कळते की शेजारची संभाव्यता किती यशांची आहे. ‘p₃s³’ दिसले की तीन यशांची संभाव्यता p₃, एवढेच वाचायचे.

एकाच फाशाचे बहुपद अगदी छोटे आहे:

2/3 + s/3

यश नाही, तर घातांक शून्य. यश आले, तर घातांक एक. आता दोन फासे घ्या आणि हीच राशी तिच्याशीच गुणा:

(2/3 + s/3)(2/3 + s/3) = 4/9 + (4/9)s + (1/9)s²

इथे दोन गोष्टी एकदमच घडल्या. s चे घातांक एकमेकांत मिळवले गेले, म्हणजे यशांची बेरीज झाली. आणि संभाव्यता एकमेकींशी गुणल्या गेल्या. मधल्या 4/9 मध्ये ‘पहिल्यावर यश, दुसऱ्यावर नाही’ आणि ‘पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर यश’ या दोन्ही वाटांचे 2/9 आपोआप एकत्र आले. वेगळी मोजणी करावीच लागली नाही. मात्र संभाव्यतांचा गुणाकार करण्याचा हक्क आपल्याला एकाच कारणाने मिळाला: एका फाशाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. सगळ्या मांडणीत स्वातंत्र्याची अट लागते ती नेमकी या जागी. फासे एकमेकांना चिकटलेले असते, तर हा गुणाकार लिहिताच आला नसता.

बारा फाशांसाठी हाच गुणाकार बारा वेळा, आणि सर्वसाधारण n साठी

G(s) = (q + ps)ⁿ

हे उलगडायची गरज नाही, आणि सगळी सोय त्यातच आहे. एक लहानशी तपासणी मात्र आधी करून घ्यावी. s = 1 ठेवले तर खुंट्या नाहीशा होतात आणि सगळ्या संभाव्यतांची बेरीज उरते, म्हणून G(1) चे उत्तर १ यायलाच हवे. (q + p)ⁿ = 1, येतेच. ते आले नाही तर पुढे जाऊ नये. एखादी संभाव्यता लिहिताना राहून गेली आहे.

आता विकलन. लांबलचक रूपात पाहिले तर

G′(s) = p₁ + 2p₂s + 3p₃s² + … + 12p₁₂s¹¹

विकलन करताना प्रत्येक घातांक खाली उतरून संभाव्यतेच्या पुढे गुणक म्हणून उभा राहतो. मध्य काढताना आपल्याला नेमके हेच हवे असते: यशांची संख्या गुणिले तिची संभाव्यता, आणि त्या सगळ्यांची बेरीज. फक्त s चे उरलेले घात मध्ये येतात. s = 1 ठेवले की ते सगळे १ होतात. विकलन करून मगच एक ठेवायचा, हा क्रम मोडता येत नाही. आधीच एक ठेवला तर हातात नुसता स्थिरांक १ राहतो, आणि त्याचा विकलज शून्य.

तेच विकलन आता आटोपशीर रूपावर करू:

G′(s) = np(q + ps)ⁿ⁻¹

G′(1) = np

बारा फाशांसाठी 12 × 1/3 = 4. कंसाच्या आतल्या ps चा विकलज p आहे, तो लिहायचा राहिला तर उत्तर १२ येते. प्रत्येक फेकीत सरासरी बाराच्या बारा फाशांवर पाच किंवा सहा, असा त्याचा अर्थ होईल; चूक लगेच डोळ्यांवर येते.

विचरणासाठी आणखी एकदा विकलन करायचे. आता s^k चे k(k−1)s^(k−2) होते, म्हणून यशांची संख्या X धरली तर

G″(1) = E[X(X−1)]

आणि आटोपशीर रूपातून

G″(s) = n(n−1)p²(q + ps)ⁿ⁻²

G″(1) = n(n−1)p²

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. दुसरा विकलज म्हणजे X² ची सरासरी, असे गृहीत धरून त्यातून मध्याचा वर्ग वजा केला जातो. आपल्या फाशांसाठी G″(1) = 12 × 11 × 1/9 = 14.67. त्यातून ४ चा वर्ग १६ वजा केला तर −१.३३ उरतात. विचरण ऋण कधीच नसते, तेव्हा गफलत कुठे झाली ते शोधायलाच हवे. सर्वसाधारण n साठीही हे चुकीचे उत्तर −np² येते, म्हणून द्विपद वितरणात ही चूक चिन्हावरूनच पकडता येते. दुसऱ्या विकलजात X² चा X(X−1) झालेला असतो. त्यात एक X परत मिळवला की X² ची सरासरी मिळते. म्हणून

Var(X) = G″(1) + G′(1) − [G′(1)]²

आकडे घातले तर 14.67 + 4 − 16 = 2.67. आणि अक्षरांत

n(n−1)p² + np − n²p² = np − np² = np(1−p) = npq

n²p² ची दोन पदे एकमेकांना कापतात, मधून −np² उरते, आणि np सोबत ते npq होते. खुबी कुठेच लागली नाही.

n(n−1)p² ही राशी केवळ विचरणाकडे जाणारी पायरी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बारा फाशांतून क्रमाने दोन वेगळे फासे निवडायच्या १२ × ११ = १३२ रीती आहेत, आणि अशा कुठल्याही जोडीत दोन्हींवर यश येण्याची संभाव्यता p². म्हणजे दुसरा विकलज एका फेकीत ‘दोन्ही यशस्वी’ अशा जोड्या सरासरी किती, ते मोजतो. k यशे असली की अशा जोड्या k(k−1) होतात, हे एकदा जुळले की X(X−1) परका वाटत नाही.

आता वेल्डन यांच्या नोंदी. २६,३०६ फेकींपैकी सर्वांत जास्त, ६,११४ फेकींत, नेमकी चार यशे होती. एकही यश नव्हते अशा फेकी १८५, अकरा यशांच्या ४, बारांची एकही नाही. सगळी यशे मिळून १,०६,६०२. म्हणजे दर फेकीमागे ४.०५२, आपल्या ४ च्या जागी. हाच आपला G′(1), फक्त टेबलावरून मोजलेला. जोड्यांची सरासरी, म्हणजे प्रत्येक k साठी k(k−1) गुणिले तितक्या फेकी, भागिले २६,३०६, येते १५.०६८. ही मोजलेली G″(1). त्यावरून विचरण:

15.0676 + 4.0524 − 4.0524² ≈ 2.698

०.०५२ चा फरक किरकोळ दिसतो. तो किरकोळ आहे की नाही हे विचरणच सांगते. २६,३०६ फेकींच्या सरासरीचे प्रमाण विचलन म्हणजे २.६७ ला २६,३०६ ने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ, सुमारे ०.०१०. फरक त्याच्या पाचपटीहून मोठा आहे. खऱ्या फाशांच्या बाबतीत निव्वळ योगायोगाने इतके सरकणे फार दुर्मीळ, म्हणून हे फासे पाच-सहाच्या बाजूला झुकलेले होते असेच म्हणावे लागते. पाच-सहाच्या पृष्ठांवर खड्डे जास्त कोरलेले असतात, त्यामुळे ती बाजू हलकी होऊन वर राहते, असे त्याचे कारण सहसा दिले जाते.

मग p = 1/3 सोडून देऊन मोजलेलीच p घेऊ: ४.०५२ भागिले १२, म्हणजे ०.३३७७. तिच्यावरून n(n−1)p² येते १५.०५, मोजलेले १५.०७. npq येते २.६८४, मोजलेले २.६९८. इतक्या फेकींतून मोजलेल्या विचरणाचीच अनिश्चितता सुमारे ०.०२३ असते, तेव्हा हा मेळ चांगलाच म्हणायचा. द्विपद वितरणाचा साचा टिकला. बदलली ती फक्त p.

पण सगळ्या फाशांची p एकच होती, हे यावरून ठरत नाही. समजा सहा फाशांची p = 0.30 आणि उरलेल्या सहांची 0.3754. बहुपदांचा गुणाकार अजूनही चालतो, फक्त तो एकाच राशीचा घात राहत नाही:

(0.70 + 0.30s)⁶ (0.6246 + 0.3754s)⁶

विकलन करून एक ठेवला तर मध्य 6 × 0.30 + 6 × 0.3754 = 4.052, पूर्वीइतकाच. विचरण मात्र प्रत्येक फाशाच्या pq ची बेरीज, म्हणजे २.६६७. फासे वेगवेगळे असले की विचरण वाढेल असे वाटते, पण सरासरी p तीच राहिली तर ते घटतेच: npq मधून प्रत्येक p च्या सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग वजा होतात. इथे ही घट ०.०१७ आहे, आणि मोजमापाची अनिश्चितता तिच्याहून मोठी. दहात तीनदा यश देणारे सहा फासे आणि आठात तीनदा देणारे सहा, अशी मिसळ वेल्डन यांच्या डब्यात असती, तरी फक्त एकूण यशे मांडणाऱ्या या तक्त्यावरून ती ओळखू आली नसती. त्यासाठी प्रत्येक फाशाला खूण करून त्याचे दान वेगळे नोंदवावे लागले असते.