रिकाम्या जागेत एकच शब्द

‘वनस्पती ____ बाहेर सोडतात.’ शाळेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत असे वाक्य सहज दिसते आणि उत्तरसूचीत त्यापुढे ‘ऑक्सिजन’ लिहिलेले असते. एखाद्या मुलीने तिथे ‘बाष्प’ लिहिले तर तिला शून्य मिळते. पण पानांवरच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडतच असते. ‘कार्बन डायऑक्साइड’ लिहिणारा मुलगाही चुकलेला नाही, कारण वनस्पती श्वसन करतात आणि रात्री तर हाच वायू बाहेर पडतो. उत्तरे तीन, तिन्ही खरी, गुण मात्र एकालाच. इथे मुले चुकली नाहीत, वाक्य चुकले आहे.

अशी वाक्ये बहुधा एकाच वाटेने तयार होतात. धड्यातले एक वाक्य उचलायचे, त्यातला महत्त्वाचा शब्द खोडायचा, झाला प्रश्न. धड्यात त्या वाक्याच्या मागे-पुढे प्रकाशसंश्लेषणाची चर्चा होती, शेजारी आकृती होती, त्यामुळे तिथे दुसरा अर्थ निघत नव्हता. वाक्य प्रश्नपत्रिकेत आले आणि तो सगळा संदर्भ धड्यातच राहून गेला. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात तो शाबूत असतो, म्हणून त्याला आपल्या वाक्यातली फट दिसत नाही.

ती बुजवायची कशी, हे याच वाक्यावर पाहता येते. ‘प्रकाशसंश्लेषणात वनस्पती ____ बाहेर सोडतात’ असे केले की श्वसन वगळले जाते. पण पाने प्रकाशसंश्लेषण करत असतात तेव्हाच त्यांच्यातून बाष्पही जात असते, त्यामुळे हुशार मूल वाद घालू शकेल. मग वाक्य आणखी आवळावे लागते: ‘प्रकाशसंश्लेषणात पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन ____ हा वायू मुक्त होतो.’ आता बाष्प गेले, कार्बन डायऑक्साइड गेला. ‘हायड्रोजन’ असे कोणी लिहिले तर ते चूक आहे, कारण पाण्यातला हायड्रोजन इथे वायूरूपाने बाहेर पडत नाही. आणि ते चूक का, हे शिक्षकाला मुलासमोर सांगता येते. उत्तर एकच ठरले, असे म्हणायला हाच आधार हवा. बाकीची उत्तरे सूचीत नाहीत एवढे पुरत नाही, ती का चूक आहेत हे दाखवता आले पाहिजे.

मराठीची रचना या कामात थोडी मदत करते. ‘मी काल ____ खाल्ली’ या वाक्यात क्रियापदच सांगते की इथे ‘भात’ बसणार नाही. पण पोळी, भाकरी, चकली अशा शंभर गोष्टी बसतातच. लिंग आणि वचन दार अरुंद करतात, बंद करत नाहीत.

वाक्य पक्के झाले की ते प्रश्न न पाहिलेल्या चार-पाच जणांपुढे, उत्तरसूची न दाखवता, ठेवावे. त्यांतल्या एकाने जरी वेगळे उत्तर दिले आणि ते खोडून काढता आले नाही, तर वाक्य पुन्हा लिहायला घ्यावे. याला दहा मिनिटे लागतात. निकालानंतरचा वाद यापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो आणि मुलाचा विश्वास जातो तो वेगळाच.

आता उरते लेखन. वरच्या प्रश्नाला कोणी ‘ऑक्सिजन’ लिहील, कोणी ‘प्राणवायू’, कोणी ‘प्राणवायु’, कोणी हिंदीत लिहितात तसे ‘ऑक्सीजन’. पहिली दोन एकाच वायूची दोन नावे आहेत, म्हणून सूचीत दोन्ही हवीत. ‘प्राणवायु’चे काय? मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या आणि राज्य शासनाने स्वीकारलेल्या लेखनविषयक नियमांनुसार मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सहसा दीर्घ लिहायचा असतो. संस्कृतातून जशीच्या तशी आलेली नामेही त्याला अपवाद नाहीत. म्हणून ‘वायू’ दीर्घ. तोच शब्द समासात आधी आला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो: ‘वायुप्रदूषण’. (वरच्या परिच्छेदात ‘वायूरूपाने’ असे छापलेले ज्यांना खटकले, त्यांचे बरोबर आहे. नियमाने ते ‘वायुरूपाने’ हवे.) पण विज्ञानाच्या पेपरात या उकारासाठी गुण कापायचे का, हे आधी ठरवून प्रश्नपत्रिकेवर लिहिले पाहिजे. पेपर तपासताना ठरवले तर पहिल्या गठ्ठ्याला एक न्याय आणि शेवटच्या गठ्ठ्याला दुसरा, असे होते.

या नियमांपैकी १४ नियम १९६२मध्ये आले आणि १९७२मध्ये आणखी ४ जोडले गेले. त्याआधी शिकलेली माणसे ‘नांव’, ‘केलें’ असे अनुस्वार देत आणि त्या काळी ते बरोबरच होते. नियमांनी काही ठिकाणी मोकळीकही ठेवली आहे. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ ही दोन्ही रूपे चालतात. तेव्हा सूचीत एकच रूप ठेवणे म्हणजे नियमाने दिलेली सूट परस्पर काढून घेणे.

शुद्धलेखनच तपासायचे असेल तेव्हा तर जास्तच जपावे लागते. ‘त्या ____ वीज नाही. (घर)’ हा प्रश्न पाहा. ‘घरात’ बरोबर, कारण ‘त्या घरात’ हे एकवचन. ‘घरांत’ही बरोबर, कारण अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार हवाच आणि ‘त्या’ दोन्ही वचनांना चालते. बोलताना हा फरक जेमतेम ऐकू येतो. लिहिताना त्यावर गुण जातो. ‘त्या तिन्ही ____ वीज नाही’ असे लिहिले की फक्त ‘घरांत’ उरते. एका शब्दाची भर, पण अनुस्वाराचा नियम खरोखर कळला आहे का, ते आता दिसते.

उत्तरे संगणक तपासणार असेल तर आणखी एक अडचण येते, तीही डोळ्यांना न दिसणारी. ‘पायरी’चे अनेकवचन ‘पायऱ्या’. यातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर साधारण सारखाच दिसतो. आत मात्र चिन्हांची रांग वेगळी असते:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

अक्षरे एकेक जुळवणारा प्रोग्राम यांतल्या एकाला बरोबर म्हणतो आणि दुसऱ्याला चूक. विद्यार्थ्याला आपले उत्तर आणि पडद्यावरचे ‘योग्य उत्तर’ अगदी सारखे दिसते, तरी गुण शून्य. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही या दोन रांगा एक करत नाही, म्हणून दुसरी रांग पहिलीत बदलण्याची सोय प्रोग्राममध्ये मुद्दाम करावी लागते.

काही जण यावर सोपा उपाय करतात: न दिसणारे U+200D हे चिन्ह सरसकट काढून टाकतात. तसे केले की ऱ्यचा र्य होतो, रफार वर चढतो आणि ‘पायर्या’ हे चुकीचे रूप उरते. काही शब्दांत तर अर्थच बदलतो. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. ‘लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या ____ मानधन दिले (आचारी)’ या प्रश्नात हे चिन्ह गाळणारा प्रोग्राम बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर आधी बिघडवतो आणि मग त्यावर फुली मारतो.